३१ मार्चच्या एंट्र्या टाकायच्या आधी मागच्या ३१ मार्चच्या मिटल्या का ते बघा

नारायण पेठेतल्या एका प्रिंटिंग प्रेसचं अकाउंट मी बघते. दोन भावांची भागीदारी फर्म आहे, सहा कामगार, एक ऑफसेट मशीन, मागच्या खोलीत बाइंडिंग, आणि मी शनिवारी जाऊन आठवड्याची बिलं टॅलीत टाकते. २०२४-२५ ची पुस्तकं बंद करताना टॅली ९,४०,००० रुपये नफा दाखवत होतं (घसारा आणि भागीदारांचा पगार-व्याज धरायच्या आधी). थोरल्या काकांनी तो आकडा स्क्रीनवर वाचला आणि लगेच म्हणाले, "चला, बरं झालं वर्ष." मी म्हटलं काका थांबा, हा अजून नफा नाहीये, वर्षभरात जेवढी बिलं माझ्या हातात आली आणि जेवढे पैसे बँकेतून गेले त्याची ही नुसती बेरीज-वजाबाकी आहे. यात मार्चचा पगारच नाहीये.

"अगं, मार्चचा पगार ७ एप्रिलला दिला ना आपण, मग तो एप्रिलचा खर्च."

इथंच सगळ्यांची गाडी अडते, म्हणून आधी तेवढं बोलू. कामगारांनी काम मार्चमध्ये केलं, छपाई मार्चमध्ये झाली, त्या छपाईचं बिल आपण मार्चमध्येच गिऱ्हाईकाला लावलं, म्हणजे विक्री मार्चमध्ये आली आणि ती विक्री ज्या कामातून आली त्याची मजुरी पुढच्या वर्षात टाकली, तर या वर्षाचा नफा फुगणार आणि पुढच्याचा तेवढाच आटणार. पैसे कधी दिले हा प्रश्नच नाही, काम किंवा सेवा कधी मिळाली हा प्रश्न आहे. काही लोक रोखीच्या पद्धतीनं पुस्तकं ठेवतात, पैसे आले-गेले तरच एंट्री, त्यांचं वेगळं. पण एकदा मर्कंटाइल पद्धत, म्हणजे पैसे कधीही जावोत, काम झालं त्या वर्षात एंट्री, धरली की ती सगळ्याला लागू, विक्री मर्कंटाइल आणि पगार रोखीनं असली खिचडी चालत नाही.

तर सुरुवात द्यायच्या राहिलेल्या खर्चापासून, ज्याला आपण आउटस्टँडिंग म्हणतो.

मार्चचा पगार १,१४,००० होता. पण ७ तारखेला बँकेतून गेले १,०९,००० च, कारण एका कामगारानं मार्चमध्ये ५,००० उचल घेतली होती ती कापून घेतली. आता बँक स्टेटमेंट बघून एंट्री टाकणारा माणूस १,०९,००० लिहितो आणि फसतो. खर्च हा पूर्ण पगाराचा, उचल हे आपलं कामगाराकडून येणं, त्याचा खर्चाशी संबंध नाही. म्हणून ३१ मार्चला पगार खर्च १,१४,००० नावे आणि पगार देणे १,१४,००० जमा.

लाइट बिलात जरा गंमत आहे. आमच्या मीटरचं रीडिंग महिन्याच्या १० तारखेच्या आसपास होतं. १० मार्चच्या रीडिंगचं बिल मार्चमध्ये टाकलेलं होतं, पुढचं रीडिंग ९ एप्रिलला झालं, बिल आलं १८,६०० चं. ते ११ मार्च ते ९ एप्रिल अशा ३० दिवसांचं, म्हणजे रोजचे ६२० रुपये. त्यातले मार्चचे २१ दिवस, म्हणून १३,०२० रुपये या वर्षाचे आणि उरलेले ५,५८० एप्रिलचे. कोणी म्हणेल ३० मार्चला गुढीपाडवा होता, प्रेस बंद, मग त्या दिवशी ६२० कसे जळले? नाही जळले, पण दिवसांवर वाटणी ही सगळ्यांना पटणारी आणि दरवर्षी तशीच करता येणारी पद्धत आहे, मीटरशेजारी जाऊन कोणी बसणार नाहीये.

तिसरं लॅमिनेशन. आम्ही लॅमिनेशन बाहेर करून घेतो. २४ मार्चला १३,७०० शीट करून आल्या, दर शीटला २ रुपये, चलन माझ्या फाइलमध्ये होतं पण बिल नव्हतं, बिल ५ एप्रिलच्या तारखेचं आणि माझ्या हातात ११ एप्रिलला. माल मिळाला तो दिवस मार्चचा, म्हणून २७,४०० मार्चचा खर्च. यात जीएसटी धरायचा नाही, कारण त्याचं क्रेडिट बिल आल्यावरच घेता येतं, ते बिल टाकाल तेव्हा येईल. आणि हे चलन जर फाइलला नसतं तर हा खर्च मला दिसलाच नसता, टॅलीत त्याचा मागमूस नव्हता.

असा न दिसणारा खर्च शोधायची माझी एकच पद्धत आहे. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि त्याच दोन महिन्यांची बिलांची फाइल घेऊन बसायचं, आणि एकेका ओळीला एकच प्रश्न विचारायचा की हा माल किंवा हे काम कधीचं आहे. बिलाची तारीख बघायची नाही, बिलातला कालावधी किंवा चलन नंबर बघायचा. शिवाय टॅलीत प्रत्येक खर्चाच्या लेजरची महिनावार समरी उघडायची आणि मोजायचं, भाड्याचे बारा महिने आहेत का, फोनची बारा बिलं आहेत का. अकरा दिसली तर एक राहिलंय, तेरा दिसली तर काहीतरी दोनदा पडलंय किंवा मागच्या वर्षातलं आत आलंय. तेराची गोष्ट पुढे सांगते, त्यात माझीच चूक आहे.

चौथं सीएंची फी, ३५,०००. तसं बघितलं तर ऑडिट होतं पुढच्या वर्षात, त्यामुळे काटेकोर माणूस म्हणेल की काम झालं नाही तर खर्च कसला. पण आपल्याकडे ज्या वर्षाची पुस्तकं तपासली त्याच वर्षाला ती फी लावायची रीत आहे, दरवर्षी तसंच केलं की प्रत्येक वर्षात एकच फी येते, मला त्यात काही वावगं वाटत नाही. वावगं असतं ते टीडीएसच्या बाबतीत. फर्म ३१ मार्चला ही फी खर्चात टाकते तेव्हाच टीडीएस लागू होतो, बिल सप्टेंबरमध्ये येऊ दे नाहीतर दिवाळीत. देणं सीएंच्या नावानं न दाखवता नुसतं "ऑडिट फी देणे" असं दाखवलं म्हणून सुटका नाही. त्या वर्षी प्रोफेशनल फीची मर्यादा ३०,००० होती (१ एप्रिल २०२५ पासून ती ५०,००० झाली), आमची ३५,०००, म्हणजे १० टक्क्यांनी ३,५०० कापायचे आणि ३० एप्रिलच्या आत भरायचे. एंट्री अशी, ऑडिट फी ३५,००० नावे, सीएंना देणे ३१,५०० जमा, टीडीएस देणे ३,५०० जमा. रिटर्नच्या मुदतीपर्यंतही हा टीडीएस भरला नाही तर फीच्या ३० टक्के, म्हणजे १०,५०० खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्सला चालत नाही, वर व्याज वेगळं. बऱ्याच छोट्या फर्ममध्ये ऑडिट फीची एंट्री ऑगस्टमध्ये सीए टाकतात ती ३१ मार्चच्या तारखेनं, आणि टीडीएसची ३० एप्रिल तोवर कधीच उलटून गेलेली असते. म्हणून ही एक एंट्री तरी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात टाकून मोकळं व्हायचं, मागच्या वर्षीची फी माहितीच असते.

या चार मिळून झाले १,८९,४२०. नफा तेवढ्यानं कमी. काकांचा चेहरा उतरला, पण आता उलट बाजूची बिलं आली.

प्रीपेड, म्हणजे पैसे दिलेत पण सेवा अजून मिळायची आहे. मशीन आणि मालाचा विमा १ डिसेंबर २०२४ ते ३० नोव्हेंबर २०२५ असा, जीएसटी सोडून हप्ता ४३,८००. डिसेंबरमध्ये पैसे गेले तेव्हा मी सगळेच विमा खर्चात टाकले होते, ते चुकीचं नाही, फक्त ३१ मार्चला वाटणी करायची. ३६५ दिवसांना ४३,८००, रोजचे १२०. डिसेंबर ते मार्च १२१ दिवस, म्हणजे १४,५२० या वर्षाचे. उरलेले २४४ दिवस, २९,२८० रुपये, हे पुढच्या वर्षाचे, ते खर्चातून काढून प्रीपेड विमा म्हणून मालमत्तेत. महिन्यांवर काढलं असतं तर २९,२०० आले असते, ८० रुपयांचा फरक, त्यावरून वाद घालू नये. पॉलिसी १७ तारखेला वगैरे सुरू होत असेल तर मात्र दिवसच धरा.

मशीनचा एएमसी पण तसाच, जानेवारी ते डिसेंबर २०२५ चे ६०,००० एकदम दिले, तीन महिने संपले, ४५,००० प्रीपेड. दोन्ही मिळून ७४,२८० नफ्यात परत आले.

इथं दोन गोष्टी लोक प्रीपेडमध्ये टाकतात ज्या तिथल्या नाहीत. एक जागेचं डिपॉझिट. ते संपत नाही, जागा सोडताना परत मिळायचंय, ते डिपॉझिट म्हणूनच राहू दे. दुसरं म्हणजे गिऱ्हाईकानं आपल्याला दिलेला अॅडव्हान्स. मे महिन्यातल्या लग्नाच्या पत्रिकांचे पैसे मार्चमध्ये आले तर ते आपलं देणं आहे, पत्रिका छापून दिल्यावर त्याची विक्री होईल. ते पैसे विक्रीत पडले नाहीत ना एवढं बघून घ्यायचं, आमच्याकडे पडले नव्हते.

एंट्र्या टॅलीत साध्या जर्नलनंच टाकायच्या, म्हणजे F7. लाइट बिलाची ३१ मार्चची आणि तिचीच १ एप्रिलची उलटी अशी दिसते:

```
Journal   31-Mar-2025
Dr  Electricity Expenses       13,020
Cr  Outstanding Electricity    13,020

Journal   1-Apr-2025
Dr  Outstanding Electricity    13,020
Cr  Electricity Expenses       13,020
```

टॅलीत Reversing Journal नावाचं एक व्हाउचर पण असतं, नाव बघून वाटतं हेच आपलं काम आपोआप करेल, पण तसं नाही. ते फक्त सिनॅरिओ लावून रिपोर्ट बघण्यापुरतं असतं, खऱ्या बॅलन्स शीटमध्ये त्याचा आकडा येतच नाही. मी एकदा तासभर शोधत बसले होते की एंट्री टाकली तरी नफा हलत कसा नाही.

आता ती १ एप्रिलची उलटी एंट्री. क्लासमध्ये शिकवताना ही शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात, आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त गोंधळ हिच्याच न होण्यामुळे होतो.

झालं असं. मागच्या वर्षी, म्हणजे ३१ मार्च २०२४ ला, सीएंनी मार्चच्या पगाराची १,०६,००० ची एंट्री टाकली होती, अगदी बरोबर. ती एंट्री त्यांच्या ऑफिसमधून फायनल करताना पडली, मला ऑगस्टमध्ये नुसती बॅलन्स शीट मिळाली. पण एप्रिल २०२४ मध्ये मी पगार दिला तेव्हा माझ्या डोक्यात हे नव्हतंच, मी नेहमीसारखं पगार खर्च नावे, बँक जमा करून मोकळी झाले. म्हणजे मार्च २०२४ चा पगार एकदा २०२३-२४ मध्ये खर्च झाला, आणि तोच परत २०२४-२५ मध्ये. तिकडे "पगार देणे" या लेजरला १,०६,००० वर्षभर तसेच बसलेले, जणू आम्ही कामगारांचे लाखभर रुपये थकवलेत.

हे सापडलं कसं, तर मघाशी म्हटलं ना महिने मोजायचे. पगाराच्या लेजरला एप्रिल ते मार्च बारा पेमेंट होती, म्हणजे मार्च २४ ते फेब्रुवारी २५ या बारा महिन्यांचा पगार. मी वर मार्च २५ चे १,१४,००० टाकले की झाले तेरा. मग "पगार देणे" उघडलं तर ओपनिंग १,०६,००० आणि त्याच्याखाली वर्षभरात एक ओळ नाही. हलला नाही असा ओपनिंगचा आकडा दिसला की समजायचं, काहीतरी मिटवायचं राहिलंय. त्याला उत्तर सरळ आहे, पगार देणे १,०६,००० नावे, पगार खर्च १,०६,००० जमा, नफा तेवढा वाढतो आणि लेजर शून्य होतं, मग त्यावर या वर्षीचे १,१४,००० बसतात.

प्रीपेड विम्याचं पण तेच निघालं, फक्त उलट्या दिशेनं. मागच्या पॉलिसीचे २६,८०० (महिन्यांवर काढलेले, आठ महिने) प्रीपेड विमा लेजरला पडून होते. ती पॉलिसी नोव्हेंबर २०२४ ला संपली, म्हणजे ते पैसे खर्च झालेत, पण पुस्तकात अजून मालमत्ता म्हणून मिरवतायत. ते विमा खर्चात आणले. आता तपासून बघा, या वर्षीचा एकूण विमा खर्च झाला २६,८०० अधिक १४,५२०, म्हणजे ४१,३२०. मागचा हप्ता ४०,२०० आणि आत्ताचा ४३,८००, मधला आकडा आला, म्हणजे जमलं. हा असा ढोबळ ताळा मी प्रत्येक खर्चाला लावते. आठ महिन्यांचे जुने विसरले असते तर वर्षाचा विमा फक्त १४,५२० दिसला असता आणि कोणालाही खटकलं असतं.

बाकीची जुनी देणी, लाइट, ऑडिट फी वगैरे, नीट मिटली होती. म्हणून मी आता सीएंकडून बॅलन्स शीटबरोबर फायनल एंट्र्यांची यादी पण मागून घेते, पहिल्याच दिवशी, आणि ती टॅलीशी जुळवते.

पण सगळ्याच एंट्र्या १ एप्रिलला उलटायच्या नसतात हे पण ध्यानात घ्या. पगार, लाइट, लॅमिनेशन यांच्या उलटायच्या, कारण पुढे खरं बिल नेहमीसारखं पूर्ण खर्चात पडणार आहे आणि उलट्या एंट्रीनं त्यातला मार्चचा भाग आपोआप वजा होतो. लाइटचंच बघा, १ एप्रिलला लेजर १३,०२० नं वजा, मग १८,६०० चं बिल पडलं, उरले ५,५८०, एप्रिलचे नऊ दिवस. ऑडिट फी मात्र उलटायची नाही, तिच्यावर टीडीएस कापून भरून झालाय, बिल आलं की देण्याच्या लेजरमधून मिटवायचं. आणि खाली जे प्रोव्हिजन सांगते ते पण उलटायचं नाही, तो खर्च होईल तसा त्याच्यातून वापरायचा.

प्रोव्हिजन हा शब्द आपण फार ढिला वापरतो, टॅलीत सुद्धा Provisions नावाचा ग्रुप आहे आणि त्यात आपण पगार, लाइट सगळंच कोंबतो. पण आउटस्टँडिंगमध्ये देणं नक्की असतं आणि आकडाही जवळजवळ नक्की. प्रोव्हिजनमध्ये देणं आहे, पण किती किंवा कधी हे अंदाजानं ठरवावं लागतं. अकाउंटिंग स्टँडर्ड २९ त्यासाठी तीन गोष्टी बघतं. झालेल्या घटनेमुळे ३१ मार्चला आपल्यावर जबाबदारी आहे का, पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त आहे का, आणि बऱ्यापैकी अंदाज करता येतो का. तिन्ही हवेत.

आमच्याकडे नेमकी अशी एक केस होती. १८ मार्चला एका क्लासला नोट्सची २,००० पुस्तकं दिली होती. २७ तारखेला फोन, पानं सुटतायत. धाकट्या काकांनी एक पुस्तक उघडून कणा वाकवला तर मधली दहा-बारा पानं अख्खी हातात आली, गोंद पुरेसा तापलेलाच नव्हता. २८ ला ते फोनवर म्हणाले, खराब असतील तेवढी परत पाठवा, बांधून देतो. पुस्तकं परत आली ४ एप्रिलला, ६००. परत बाइंडिंगचा खर्च पुस्तकामागे २२ रुपये, म्हणजे १३,२००, आणि टेम्पोचे दोन्ही फेऱ्यांचे १,८००, एकूण १५,०००. चूक मार्चमधली, शब्द मार्चमध्ये दिलेला, फक्त किती पुस्तकं हे एप्रिलमध्ये कळलं. म्हणून प्रोव्हिजन मार्चमध्ये, आणि पुस्तकं अजून बंद झाली नसल्यामुळे एप्रिलमध्ये कळलेला ६०० हा आकडा वापरायचा, ३१ मार्चला बसून केलेला अंदाज नाही.

याच्या शेजारी दुसरी घटना ठेवा. ६ एप्रिलला वरच्या मजल्याची पाण्याची लाइन फुटली आणि कागदाची काही रिमं भिजून रद्दी झाली. नुकसान बाइंडिंगपेक्षा मोठं होतं. काका म्हणाले हेही मार्चमध्येच टाक, टॅक्स तरी वाचेल. नाही टाकता येत. ३१ मार्चला कागद कोरडा होता. एप्रिलमध्ये कळलेली गोष्ट आणि एप्रिलमध्ये घडलेली गोष्ट यात हा फरक आहे.

मग त्यांनी आणखी एक आणलं, मे महिन्यात मशीनचे रोलर बदलायचेत, पन्नास हजार लागतील, त्याची तरतूद कर. हेही नाही. रोलर बदलायचं आपण ठरवलंय, कोणाला देणं लागत नाही, उद्या बेत बदलला तर कोण विचारणार? मेमध्ये बदलाल तेव्हा मेचा खर्च. आपल्या मनातला बेत म्हणजे देणं नाही.

शेवटची तरतूद बुडीत येण्याची. एका दुकानदाराकडून ६२,००० यायचे होते, फेब्रुवारीत त्याचं दुकान बंद झालं, फोन उचलतो, हप्त्यानं देईन म्हणतो. आम्ही निम्मे, ३१,००० संशयित धरले. निम्मेच का, तर त्याच्या दुकानाचं डिपॉझिट परत मिळायचंय हे आम्हाला माहीत होतं, त्यातून काही सुटेल. हा अंदाज कशावरून केला ते एका ओळीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी सीए विचारतात आणि आपल्याला आठवत नाही.

आता हिशोब. ९,४०,००० मधून राहिलेले खर्च १,८९,४२० गेले, प्रीपेड ७४,२८० परत आले, जुना पगार १,०६,००० परत आला, जुना विमा २६,८०० गेला, बाइंडिंगचे १५,००० आणि संशयित ३१,००० गेले. उरले ८,५८,०६०. आणि जुन्या दोन एंट्र्या बघितल्याच नसत्या तर आला असता ७,७८,८६०. म्हणजे या वर्षीच्या सगळ्या एंट्र्या अचूक टाकूनही नफा ७९,२०० नं चुकला असता.

हा पुस्तकातला नफा, इन्कम टॅक्सचा वेगळा निघतो, आणि तिथं यातल्या दोन गोष्टी नफ्यात परत मिळवाव्या लागल्या (नंबर १९६१ च्या कायद्यातले देते, तेव्हा तोच होता). संशयित येण्याची तरतूद चालत नाही, येणं खरोखर बुडीत म्हणून खात्यातून काढून टाकलं तरच खर्च मिळतो, म्हणून ३१,००० मिळवले. दुसरं लॅमिनेशनचं. लॅमिनेशनवाला सरकारच्या उद्यम नोंदणीत मायक्रो, म्हणजे सगळ्यात लहान उद्योग, म्हणून नोंदलेला आहे आणि त्याच्याशी आमचा लेखी करार नाही, त्यामुळे काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायला हवे होते, म्हणजे ८ एप्रिलपर्यंत. लेखी करार असता तर जास्तीत जास्त ४५ दिवस मिळाले असते. आम्ही दिले २२ एप्रिलला, कारण बिलच ११ ला आलं. मग कलम ४३बी(एच) प्रमाणे ते २७,४०० या वर्षी टॅक्सला चालले नाहीत, ज्या वर्षी दिले त्या वर्षी, म्हणजे २०२५-२६ ला मिळतील. ४३बी मधल्या बाकीच्या बऱ्याच गोष्टींना रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरलं तर चालतं, या एच ला ती सवलत नाही. पुस्तकातली एंट्री मात्र तशीच राहते, टॅक्समध्ये चालत नाही म्हणून ३१ मार्चची एंट्री काढायची नाही, हे मी दोन ठिकाणी होताना बघितलंय.

बाइंडिंगचे १५,००० मिळवावे लागले नाहीत, परत आलेली पुस्तकं मोजलेली, दर लिहिलेला, क्लासचा मेसेज फाइलला लावलेला.

किती बारीक जायचं याला काही धरबंध नसतो, म्हणून आम्ही १,००० रुपयांची रेघ आखली आहे, त्याखालचं पेपरवाल्याचं आणि चहावाल्याचं बिल जेव्हा देऊ तेव्हाचं. धाकटे काका त्यावरही म्हणाले, चहावाल्याचं मार्चचं १,१४० झालंय, ते टाक. टाकलं नाही, कारण त्याच्या वहीत बघितलं तर त्यातले दोनशे एप्रिलचेच निघाले आणि माझा शनिवार संपत आला होता.